मदत हवी आहे : फेलओव्हर पूर्ण झाला, तरी अ‍ॅप्लिकेशन अर्धा तास ‘रीड-ओन्ली’ची त्रुटी देत राहिले

माळव्यातला_बॅकएंड (इंदूर)
काल रात्री 1:52 वाजता आमच्या मॅनेज्ड पोस्टग्रेस क्लस्टरचा फेलओव्हर झाला. कन्सोलवर अर्ध्या मिनिटात सर्व हिरवे दिसू लागले, परंतु आमच्या मालवाहतुकीच्या अ‍ॅप्लिकेशनमधून खालील ओळ सतत येत राहिली.

```
ERROR: cannot execute UPDATE in a read-only transaction
```

वाचन व्यवस्थित चालू होते, फक्त लेखन होत नव्हते. पीथमपूरहून निघालेल्या गाड्यांच्या नोंदी अडकल्या आणि चालक फाटकावर खोळंबले. 2:22 च्या सुमारास कोणीही हात न लावता सर्व सुरळीत झाले. अकरा वाजता ग्राहकाला कारण सांगायचे आहे, म्हणून कृपया नेमके उत्तर द्यावे.

देवासकर_डीबीए
कोणीतरी रोलवर किंवा डेटाबेसवर `default_transaction_read_only` चालू केले असणार. आमच्याकडे एका नव्या मुलाने अहवालांसाठी ते लावले होते आणि दोन दिवस आम्ही भलतीकडेच शोधत बसलो. ते आधी पाहा.

माळव्यातला_बॅकएंड
पाहिले, ते बंद आहे. शिवाय तसे असते, तर 2:22 ला आपोआप कसे सुधारले असते?

बडोदेकरीण
तीन गोष्टी आपण सांगितलेल्या नाहीत. अ‍ॅप्लिकेशन कोणत्या पत्त्यावर जोडले जाते, क्लस्टरच्या रायटर एंडपॉइंटवर की एखाद्या इन्स्टन्सच्या स्वतःच्या नावावर? कनेक्शन पूल कोणता आहे आणि त्याचे आयुर्मान किती ठेवले आहे? त्रुटी सर्व पॉडवर होती की काहींवरच?

माळव्यातला_बॅकएंड
पत्ता रायटर एंडपॉइंटचाच आहे, आणि रात्री दोन वाजता पॉडमध्ये शिरून `nslookup` केले तेव्हा नव्या प्रायमरीचाच आयपी आला. म्हणजे आमची बाजू बरोबर आहे ना? जावा आहे, पूल हिकारी, प्रत्येक पॉडमध्ये दहा कनेक्शन. आयुर्मानाला आम्ही कधी हात लावलेला नाही. तीनपैकी दोनच पॉड बिघडले होते, जे मला मुळीच समजलेले नाही.

लष्कर_ग्वाल्हेर
हा जावाच्या डीएनएस कॅशचा दोष आहे, मी स्वतः भोगलेला आहे. `networkaddress.cache.ttl` पाच सेकंदांवर आणा आणि निश्चिंत व्हा. दुसरे काही शोधू नका.

बडोदेकरीण
ग्वाल्हेरच्या मित्रांचे म्हणणे अर्धे खरे आहे. सिक्युरिटी मॅनेजर नसेल, तर जावा नाव साधारण 30 सेकंद लक्षात ठेवते. तेवढ्याने अर्ध्या तासाचा हिशेब लागत नाही. आणि `nslookup` जावाची कॅश पाहत नाही, तसेच उघडे असलेले सॉकेट कुठे जोडलेले आहे हेही सांगत नाही. कनेक्शन एकदा उघडले की नावाचा संबंध संपतो. नाव पुढे शंभरदा बदलले, तरी ते कनेक्शन जिथे आहे तिथेच राहते.

माझ्या मते घडले ते असे. जुना प्रायमरी पुन्हा सुरू होताना त्याची सर्व कनेक्शने तुटली, आणि तो लगेच रेप्लिका म्हणून वर आला. त्या काही सेकंदांत नाव अजून त्याच्याकडेच बोट दाखवत होते, किंवा जावाला जुनाच आयपी आठवत होता. पूलने कनेक्शने पुन्हा भरली, ती सर्व जुन्या यंत्राशी जोडली गेली आणि यशस्वीही झाली, कारण रेप्लिका जोडणी नाकारत नाही. तिसऱ्या पॉडकडे रात्रीच्या त्या वेळी विनंती उशिरा गेली असावी. हिकारी मेलेले कनेक्शन सहसा ते वापरायला काढतानाच ओळखते, त्यामुळे त्याने पूल भरला तोवर नाव बदललेले होते.

अर्धा तास मात्र कोठून आला, ते पाहा. हिकारीचे `maxLifetime` न बदलल्यास 30 मिनिटे असते. 1:52 ला जन्मलेली कनेक्शने 2:22 ला निवृत्त झाली, एवढेच.

माळव्यातला_बॅकएंड
पण पूल दर वेळी कनेक्शन तपासतो ना? मग चुकीचे यंत्र त्याला कसे चालले?

बडोदेकरीण
तो फक्त ‘जिवंत आहेस का’ एवढेच विचारतो, आणि रेप्लिका ‘हो’ म्हणते. त्रुटी आल्यावरही पूल तिचा एसक्यूएलस्टेट पाहूनच कनेक्शन टाकायचे की नाही ठरवतो. 08 ने सुरू होणाऱ्या आणि आणखी काही ठरावीक संकेतांवर तो ते टाकतो, परंतु आपला संकेत 25006 आहे आणि तो त्या यादीत नाही. म्हणून रोलबॅक होते आणि तेच कनेक्शन पुढच्या विनंतीच्या हाती दिले जाते. तर्कावर विसंबू नका. स्टेजिंगवर मुद्दाम फेलओव्हर करा आणि हे अ‍ॅप्लिकेशनच्या पूलमधूनच चालवा, बाहेरून नव्हे.

```sql
select pg_is_in_recovery(), inet_server_addr();
```

लष्कर_ग्वाल्हेर
एवढा उपद्व्याप कशाला? मध्ये पीजीबाउन्सर बसवा. आम्ही बसवल्यापासून हा प्रकार पुन्हा घडलेला नाही.

बडोदेकरीण
आपला अनुभव खरा असेल, परंतु तीन पॉड आणि तीस कनेक्शनांसाठी आणखी एक प्रक्रिया जिवंत ठेवण्याची जबाबदारी मी तरी घेणार नाही.

लष्कर_ग्वाल्हेर
तीस आज आहेत, दिवाळीत किती होतील ते कोणी सांगावे. असो.

माळव्यातला_बॅकएंड (दुपारी 4:10)
स्टेजिंगवर केले. बिघडलेल्या पॉडमधून पहिल्या स्तंभात `t` आला आणि दुसऱ्यात जुन्या प्रायमरीचा आयपी, त्याच क्षणी `nslookup` नवा आयपी दाखवत असताना! ताई, आपले म्हणणे तंतोतंत निघाले. आता उपाय सांगा. `maxLifetime` एक मिनिट करू का?

बडोदेकरीण
तसे केल्यास त्रास एक मिनिटाचा होईल, परंतु वर्षभर विनाकारण कनेक्शने उघडत-मिटत राहाल. त्याऐवजी ड्रायव्हरलाच सांगा की प्रायमरी नसेल तर जोडू नकोस.

```
jdbc:postgresql://<writer-endpoint>:5432/vahatuk?targetServerType=primary
```

यामुळे ड्रायव्हर प्रत्येक नवे कनेक्शन उघडताना समोरचे यंत्र लेखन स्वीकारते का हे विचारतो आणि नसल्यास जोडणीच नाकारतो. पूल पुन्हा प्रयत्न करत राहतो आणि नाव बदलताच योग्य जागी पोहोचतो. मर्यादा ही की आधीच उघडलेल्या कनेक्शनवर याचा काही परिणाम नाही. त्यासाठी 25006 दिसताच एकदा `softEvictConnections()` बोलवा. मोकळी कनेक्शने लगेच बंद होतात आणि वापरातली परत आल्यावर. डीएनएस कॅश पाच सेकंदांवर आणण्याचा ग्वाल्हेरचा सल्लाही पाळा, त्याने खिडकी लहान होते.

देवासकर_डीबीए
अयशस्वी व्यवहार आपोआप पुन्हा चालवायचे का? आमच्याकडे त्यातून एकच बिल दोनदा निघाले होते.

बडोदेकरीण
25006 मध्ये ते वाक्य काहीच लिहीत नाही, त्यामुळे तो व्यवहार नव्या कनेक्शनवर पुन्हा चालवणे डेटाबेसच्या दृष्टीने सुरक्षित आहे. आपले बिल बहुधा कमिट पाठवल्यावर कनेक्शन तुटल्यामुळे दोनदा निघाले असावे. तिथे कमिट झाले की नाही हे अ‍ॅप्लिकेशनला कळत नाही, म्हणून बिल क्रमांकावर युनिक बंधन असल्याशिवाय पुन्हा प्रयत्न करू नये.

माळव्यातला_बॅकएंड (रात्री 9:35)
`targetServerType` लावून पुन्हा फेलओव्हर केला. साधारण वीस सेकंद जोडणी नाकारल्याच्या त्रुटी आल्या आणि नंतर तिन्ही पॉड लिहू लागले. ग्राहकाला सकाळी मी ‘डीएनएसमुळे’ एवढेच सांगून बसलो होतो, ते आता दुरुस्त करावे लागेल.

एक गोष्ट मात्र शिल्लक आहे. शोधताना असे आढळले की रात्री हिशेब जुळवणाऱ्या जॉबच्या कॉन्फिगमध्ये रायटर एंडपॉइंट नसून त्या जुन्या इन्स्टन्सचेच नाव लिहिलेले आहे. तो जॉब आजही रेप्लिकाशीच बोलतो आहे आणि त्याच्या लॉगमध्ये कालपासून एकही त्रुटी नाही.

बडोदेकरीण
तो लिहितो की नुसते वाचतो?

माळव्यातला_बॅकएंड
लिहायला हवा. म्हणूनच आता त्याचा कोड उघडून बसलो आहे. कोणीतरी अपवाद पकडून गिळलेला दिसतो.