मदत हवी आहे: दर वेळी पाचव्या किलोमीटरच्या आसपास गुडघ्याची बाहेरची बाजू दुखायला लागते

रानवाट

नमस्कार मंडळी. हाफ मॅरेथॉनची तयारी करतेय. आठवड्याचं धावणं ३० किलोमीटरच्या आसपास होतं, ते महिनाभरात ४५ वर नेलं आणि रविवारची लांब धाव चढउताराच्या रस्त्यावर सुरू केली. त्यानंतर उजव्या गुडघ्याला बाहेरच्या बाजूने दुखायला लागलं. सुरुवातीला काहीच जाणवत नाही. साधारण पाच किलोमीटर झाले की आधी जळजळ, मग प्रत्येक पाऊल टेकताना सुई टोचल्यासारखं होतं आणि थांबावंच लागतं. चालायला लागलं की काही मिनिटांत कमी होतं. जिना चढताना ठीक, उतरताना त्रास. सूज नाही. डॉक्टरांना दाखवलं, एक्स-रे नॉर्मल आहे. आयटी बँडचा, म्हणजे खुब्यापासून गुडघ्यापर्यंत मांडीच्या बाहेरून जाणाऱ्या पट्ट्याचा त्रास असावा, विश्रांती घ्या, असं ते म्हणाले.

विश्रांती घेतली, दुखणं पूर्ण गेलं. परत धावले तर पुन्हा पाचव्या किलोमीटरलाच तेच! मला कळत नाहीये की आता आणखी थांबायचं, की दुखत असताना हळूहळू धावत राहायचं? शर्यत दहा आठवड्यांवर आली आहे.

पायपीट

अगदी ओळखीचं दुखणं. आयटी बँड आखडला की तो गुडघ्याच्या हाडावर घासतो. फोम रोलर घ्या आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूने कंबरेपासून थेट दुखऱ्या जागेपर्यंत रोज दहा मिनिटं जोर देऊन फिरवा. दुखेल, पण तसंच करायचं. पट्टा सैल झाला की संपलं. मी असाच बरा झालो.

सांजवेळ

माझाही गुडघा दुखतो. बराच वेळ बसून उठलं की वाटीच्या मागे दुखतं आणि जिना चढताना जास्त. मला वाटीला पट्टी लावून फरक पडला, तुम्हीही लावून बघा.

खुबा_ते_टाच

सांजवेळ, तुमचं दुखणं वेगळं आहे. वाटीमागचं दुखणं बसून उठताना आणि चढताना जास्त असतं. रानवाट यांचं नेमकं बाहेरच्या बाजूला आहे, ठरावीक अंतरावर येतं आणि उतारावर वाढतं. वाटीच्या पट्टीचा त्यांना उपयोग होईल असं वाटत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि धावणाऱ्यांमध्ये हे दुखणं भरपूर बघते. रानवाट, आधी एक करून बघा. खुर्चीवर बसा, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला मांडीच्या हाडाचा जो उंचवटा लागतो त्यावर अंगठा दाबून धरा आणि पाय हळूहळू सरळ करा. पाय जवळजवळ सरळ व्हायच्या थोडं आधी, म्हणजे गुडघा साधारण ३० अंशात वाकलेला असताना, तेच ओळखीचं दुखणं आलं तर आयटी बँडचीच शक्यता मोठी. दुखरी जागा त्याखाली, सांध्याच्या फटीवर असेल, गुडघा अडकत असेल किंवा धावून आल्यावर सुजत असेल, तर मेनिस्कसचा, म्हणजे सांध्यातल्या कूर्चेच्या गादीचा विचार करावा लागेल. मेनिस्कस एक्स-रेमध्ये दिसत नाही. एकाच हाडावर बोट ठेवता येईल असं दुखत असेल आणि ते रात्री किंवा नुसतं चालतानाही होत असेल, तर धावणं बंद करून परत डॉक्टरांकडे जायचं.

आता घासण्याबद्दल. पट्टा हाडावर पुढेमागे घासतो असं बरीच वर्षं मानलं जायचं. पण तो मांडीच्या हाडाला तंतूंनी जखडलेला आहे, त्यामुळे सरकायला त्याला फारसा वावच नाही. पाऊल टेकल्यावर लगेच, गुडघा त्या ३० अंशांच्या आसपास असताना, पट्टा आतल्या भागावर दाबला जातो. तिथे चरबीचा एक थर आहे, त्यात भरपूर नसा आहेत आणि तोच चिडतो. पायपीट, म्हणून दुखऱ्या जागेवर रोलर दाबू नका असं मी सांगते. जो भाग दाबामुळेच चिडलाय, त्याला आणखी दाबून काय मिळणार? आणि हा पट्टा इतका ताठ असतो की रोलरने तो लांब होत नाही.

पायपीट

पण मला त्याच आठवड्यात फरक पडला होता, हे कसं?

खुबा_ते_टाच

त्या आठवड्यात धावणं किती होतं?

पायपीट

जवळजवळ बंदच होतं, हे खरं. तरी रोलर फिरवल्यावर मांडी हलकी वाटायची.

खुबा_ते_टाच

ते वाटतं, आणि खुब्याजवळच्या मांसल भागावर हलक्या हाताने फिरवायला माझी हरकत नाही. फक्त गुडघ्याच्या वर चार बोटं आली की थांबा.

रानवाट, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. दुखत असताना धावत राहू नका. काही दुखणी थोडी सहन करून धावलं तरी चालतात, हे त्यातलं नाही. एकदा सुरू झालं की प्रत्येक पावलाला तीच जागा दाबली जाते, आणि पुढच्या वेळी ते आणखी अलीकडच्या अंतरावर येतं. पण नुसतं थांबूनही भागत नाही, हा अनुभव तुम्ही घेतलाच आहे. चिडलेला भाग शांत झाला, पण एकदम ४५ किलोमीटर आणि उतार हे ओझं पेलायची ताकद काही वाढली नाही.

तुमच्याकडे एक चांगलं माप आहे: दुखणं कुठे सुरू होतं ते अंतर. त्याच्या निम्म्यावर सुरुवात करा. म्हणजे अडीच किलोमीटर, सपाट रस्त्यावर, एक दिवसाआड. तीन मिनिटं धावायचं, एक मिनिट चालायचं. दुखायच्या आत संपवायचं, अंगात कितीही जोर असला तरी. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरून बघा. गुडघा गप्प असेल तर पुढच्या वेळी अर्धा किलोमीटर वाढवा. कुरकुर करत असेल तर तेच अंतर पुन्हा. धावताना दुखलंच तर तिथेच थांबून चालत घरी या आणि त्याच्या आधीच्या बिनदुखीच्या अंतरावर दोनदा धावून मग पुढे सरका. आधी अंतर वाढवा, मग चालण्याचे तुकडे काढा. उतार सगळ्यात शेवटी.

आणखी एक. अगदी संथ धावू नका. हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं, पण रेंगाळत धावताना गुडघा त्या त्रासाच्या कोनात जास्त वेळ राहतो. वेग थोडा वाढवला की तो अधिक वाकलेला असतो. म्हणून काही जणांना लांब संथ धाव दुखते आणि छोटे वेगवान तुकडे दुखत नाहीत.

रानवाट

किती छान समजावलंत! अंगठा दाबून बघितलं, तंतोतंत तिथेच दुखलं. सांध्याच्या फटीवर काही नाही, अडकतही नाही. घड्याळात केडन्स मिनिटाला १५८ पावलं दिसतो, त्याचा काही संबंध आहे का?

खुबा_ते_टाच

असू शकतो. वेग तोच ठेवून पावलं पाच टक्क्यांनी वाढवा, म्हणजे १६६ च्या आसपास. मेट्रोनोम लावून आधी एकेक मिनिटाचे तुकडे करा. पाऊल आखूड होतं, ते शरीराच्या जवळ पडतं आणि खुबा आतल्या बाजूला कमी झुकतो. १८० गाठायचा हट्ट नको. तो आकडा सगळ्यांना लागू पडत नाही.

डावीकडून_धाव

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, म्हणून लिहिते. मला नितंबाचे स्नायू कमजोर आहेत असं सांगून कुशीवर झोपून पाय उचलायचे व्यायाम दिले होते. मनापासून केले, ताकद वाढलेली कळत होती, तरी दुखणं होतं तिथेच. मग एका प्रशिक्षकांनी मागून व्हिडिओ काढला. माझी पावलं मधल्या रेषेच्या पलीकडे पडत होती, म्हणजे उजवा पाय डावीकडे आणि डावा उजवीकडे. ट्रॅकवरची रेघ दोन पायांच्या मधे ठेवून धावायला लागले, फक्त दोन बोटांचा फरक. तिथून दुखणं ओसरत गेलं. शिवाय रोज रस्त्याच्या एकाच कडेने धावत होते आणि तो रस्ता कडेला उतरता होता. तेही बदललं, त्यामुळे श्रेय नक्की कशाला द्यायचं हे मला सांगता येणार नाही.

खुबा_ते_टाच

पावलं फार जवळजवळ पडली की पट्ट्यावरचा ताण वाढतो, त्यामुळे तुमचं म्हणणं पटण्यासारखं आहे. व्यायामाबाबत आमच्या क्षेत्रातही एकमत नाही. खुब्याची कमजोरी हे दुखण्याचं कारण की परिणाम, यावर वाद आहे. मी तरीही व्यायाम देते, पण झोपून करायच्या प्रकारांवर थांबत नाही. रानवाट, पायरीच्या कडेला एका पायावर उभं राहा, दुसऱ्या बाजूची कंबर हळू खाली सोडा आणि वर आणा. दहा-बारा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. ते जमलं की आरशासमोर उभं राहून छोट्या पायरीवरून एका पायाने सावकाश उतरा. गुडघा आत वळत असेल तर पायरीची उंची कमी करा.

चाकावर_चाक

तोवर सायकल चालवा, दमही टिकेल.

खुबा_ते_टाच

चालेल, पण सीट फार उंच नको. पाय खाली जाताना गुडघा जवळजवळ सरळ होत असेल तर हाच पट्टा सायकलवरही दुखतो.

रानवाट

काही आठवड्यांनी परत लिहितेय, कारण इथून मिळालेलं इथे नोंदवायलाच हवं. अडीचपासून सुरुवात केली. पाच किलोमीटरचा टप्पा आला तेव्हा जीव मुठीत धरून धावले, पण काही झालं नाही. १६४ ते १६६ पावलं आता मेट्रोनोमशिवाय पडतात. सात किलोमीटर आरामात झाल्यावर एका लांब उताराच्या रस्त्याने परत आले आणि खाली पोचेपर्यंत तीच जळजळ सुरू झाली. लगेच थांबले, सहावर आले आणि आता सपाट रस्त्यावर नऊ होतात. जिना उतरताना काहीच जाणवत नाही.

शर्यतीला चार आठवडे उरले आहेत. २१ जमेल का? वाटेत चौदाव्या किलोमीटरनंतर मोठा उतार आहे.

पायपीट

नऊ होतात म्हणजे शर्यतीच्या दिवशी २१ होऊन जातील. उत्साहात कळतही नाही.

खुबा_ते_टाच

मी हो म्हणणार नाही. एक दिवसाआड अर्धा किलोमीटर या हिशेबाने चार आठवड्यांत कागदावर सोळापर्यंत पोचाल, तेही मधे एकदाही दुखलं नाही तर. आणि उतार अजून सुरूच केलेला नाही. दहा किलोमीटरच्या गटात नाव बदलून मिळतं का ते आधी विचारा. उतारासाठी आत्तापासून आठवड्यातून एकदा, छोट्या धावेच्या शेवटी, शंभरेक मीटरचा सौम्य उतार दोनदा आखूड पावलांनी उतरा आणि वर चालत या. दुसऱ्या दिवशीच्या जिन्यावर ठीक वाटलं तर पुढच्या आठवड्यात तीनदा.

डावीकडून_धाव

मी २१ ला नाव ठेवून उतार पूर्ण चालत उतरले होते आणि शर्यत पुरी केली होती. पण माझी लांब धाव तोवर सोळाची झाली होती. रानवाट, तुमच्या शर्यतीचा तो उतार किती लांब आहे?

रानवाट

दीड किलोमीटर तरी असेल. गट बदलायची मुदत या आठवड्यात संपतेय. आयोजकांना विचारून कळवते.