काम संपल्यावर पॉलिसी बंद करावी का?

> "क्लायंटचा डेटा हाताळायचं काम संपलं. आता प्रोफेशनल इन्डेम्निटी बंद केली तर चालेल ना?"

एवढ्यात नको. कामातल्या चुकीमुळे तुमच्यावर आलेल्या दाव्याचा खर्च उचलणारी ही पॉलिसी बहुधा 'क्लेम्स मेड' असते, म्हणजे दावा येतो त्या दिवशी ती चालू असावी लागते. समजा मार्चमध्ये ग्राहकांची यादी चुकीच्या पत्त्यावर गेली, जूनमध्ये तुम्ही पॉलिसी सोडली आणि नोटीस सप्टेंबरमध्ये आली, तर खर्च तुमच्याच खिशातून. म्हणून 'रन-ऑफ' कव्हर मागा, म्हणजे काम थांबल्यावर येणारे जुन्या कामाचे दावेही त्यात बसतील. कंपनी बदलताना रेट्रोअ‍ॅक्टिव्ह डेट, म्हणजे ज्या तारखेपासूनचं काम कव्हर होतं ती तारीख, जुनीच ठेवून घ्या, नाहीतर आधीचं काम उघडं पडतं.

चूक लक्षात आली की नोटिशीची वाट न बघता विमा कंपनीला लेखी कळवा. क्लायंटकडे मात्र परस्पर चूक कबूल करू नका. दावा तिथेच अडकू शकतो. आणि डेटा गळती वगळलेली नाही ना, तेवढं पॉलिसीत वाचाच.