एकसष्टी नको होती, पण ते सांगायचे कसे?

अंगणातली: गेल्या आठवड्यात शेजारच्या काकांच्या पंच्याहत्तरीची पत्रिका आली आणि मला माझी चौदा वर्षांपूर्वीची एकसष्टी आठवली. मुलाने आणि सुनेने सगळे गुपचूप ठरवले होते, पण केटररने चुकून घरच्या लँडलाइनवर फोन करून, "एकशेवीस पाने धरतो, जिलबी ठेवू की बासुंदी?" असे मलाच विचारले. यजमान जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. ज्या शांतीला नवराबायकोने जोडीने बसायचे, तिथे एकटीने पाटावर बसायचे आणि समोर एकशेवीस माणसे, या कल्पनेनेच मला रडू आले.

मुलाला सांगितले असते तर तो गप्प झाला असता, म्हणून मी सुनेला स्वयंपाकघरात बसवून म्हटले, "तुम्ही माझ्यासाठी केलेत, ते मला पोचले. मला फक्त हॉल नको. घरीच कणकेच्या एकसष्ट दिव्यांनी ओवाळा आणि जेवायला नणंदा-दीर तेवढे बोलवा." तिने लगेच ऐकले. हॉलचे पैसे मात्र अडकले होते, ते पुढे नातवाच्या मुंजीच्या तारखेला वळते करून घेतले. तुमच्यापैकी कोणी असे नाकारले आहे का?

हिशेबवाला: मी एका मंगल कार्यालयाचा जमाखर्च वीस वर्षे सांभाळला, त्यामुळे रद्द होणारे बरेच सोहळे पाहिले. आपल्याकडे "कशाला उगाच खर्च?" असे म्हटले की घरचे त्याचा अर्थ "करा, पण मी सांगितले असे नको" असाच लावतात आणि दुसऱ्या दिवशी मंडपवाल्याला आगाऊ रक्कम देऊन मोकळे होतात. अंगणातलींनी खर्चाचे नाव न काढता खरे कारण सांगितले आणि त्याच वाक्यात काय हवे तेही सांगितले, म्हणून त्यांचे ऐकले गेले.

दुसरी गोष्ट वेळेची. केटरर पानांचा नक्की आकडा साधारण तीन-चार दिवस आधी घेतो आणि त्यानंतर भाजी-किराणा भरतो. तोपर्यंत सांगितले तर नुकसान बहुधा आगाऊ रकमेपुरतेच राहते, आणि पुष्कळ ठिकाणी तीही पुढच्या तारखेला वळवून देतात. मात्र तसे विचारावे लागते, आपणहून कोणी सांगत नाही. बाहेरगावच्या नातेवाइकांची रेल्वेची तिकिटे निघाली की मग नकार द्यायचा कोणाला, हाच प्रश्न उरतो. अशा वेळी सोहळा होऊ द्यावा आणि भाषणे तेवढी काढून टाकायला सांगावीत, असे माझे मत आहे.

रानजाई: आमच्या वडिलांनी ऐंशीव्या वाढदिवसाला, म्हणजे हजार पौर्णिमा पूर्ण होतात त्याच दिवशी, सहस्रचंद्रदर्शनाला साफ नकार दिला. गुरुजींनाही दारातून परत पाठवले. आई महिनाभर बोलली नाही.

पंचांगप्रेमी: रानजाई, त्या दिवशी हजार पूर्ण होत नाहीत. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी 29.53 दिवस जातात, म्हणून हजार पौर्णिमांना जवळजवळ ऐंशी वर्षे दहा महिने लागतात; ऐंशीव्या वाढदिवसापर्यंत 989 च्या आसपास होतात. माझ्या आजोबांनी हेच गणित कागदावर मांडून, "अजून अकरा चंद्र बाकी आहेत, मग बघू" असे सांगून घरच्यांना शांत केले होते. दहा महिन्यांनी उत्साह आपोआप निम्म्यावर आला आणि शेवटी आजोबांच्या मनाप्रमाणे फक्त घरची पूजा झाली.

रानजाई: हे वडिलांना माहीत असते तर आईशी अबोला तरी टळला असता!

कोथिंबीर: तुमच्याकडे निदान कोणी ठरवते तरी. माझी पन्नाशी ज्या दिवशी झाली त्या दिवशी घरातल्या तिघांनी मला डबे भरून द्यायला लावले आणि संध्याकाळी बँकेचा शुभेच्छांचा मेसेज तेवढा आला. धाग्याचा विषय हा नाही, हे मला कळते आहे.

अंगणातली: कोथिंबीर, त्या डब्यांत शिरा तरी होता का?

थोरला: मी दुसऱ्या बाजूचा आहे. बाबांच्या साठीसाठी मी त्यांच्या शाळेतल्या अकरा मित्रांना शोधून काढले होते. त्यात तीन महिने गेले. बाबांना सुगावा लागला आणि त्यांनी सगळ्यांसमोर, जेवणाच्या टेबलावर, "हा तमाशा मला नको" असे म्हटले. त्यांना गर्दी सोसत नाही, हे मला आता समजते, परंतु ते त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले असते तर त्या अकरा जणांना घरी चहाला बोलावून काम भागले असते. त्यानंतर पाच वर्षे झाली, त्यांपैकी दोघे आता नाहीत, आणि तो विषय आम्ही दोघेही काढत नाही.

हिशेबवाला: थोरले, उरलेल्या नऊ जणांचे फोन नंबर अजून तुमच्याकडे आहेत ना?

थोरला: आहेत. बाबांना आधी विचारावे की नाही, हे मात्र ठरत नाही.

अंगणातली: विचारा. आणि आईला मध्ये घालू नका, तुम्हीच विचारा.