जाड, राठ, सरळ केसांना फक्त स्किन फेड? मला मान्य नाही

राकट_रांगडा
जाड, राठ आणि सरळ केस असतील तर स्किन फेड सोडून दुसरं काही करूच नये. टेपर केला की दहा दिवसांत दोन्ही बाजूंना छत्री उघडते. सिझर फेड म्हणजे तासभर मान अवघडून बसायचं आणि शेवटी तेच. पटत नसेल त्याने कारण द्यावं.

कात्री_कंगवा
कारण देतो. 18 वर्षं खुर्चीमागे उभा आहे आणि असं सरसकट लिहिलेलं वाचून गप्प बसवत नाही.

छत्री नेमकी कुठे उघडते ते आरशात बघा. कानाजवळ नाही उघडत. कानाच्या वर तीन-चार बोटांवर डोक्याची बाजू संपते आणि माथ्याकडे वळण सुरू होतं, तिथे उघडते. राठ सरळ केस त्या वळणावर जवळजवळ आडवा बाहेर निघतो. साधारण एक ते तीन सेंटिमीटर लांबीत त्याला स्वतःच्या वजनाने खाली वाकता येत नाही. मऊ केस वाकतो, कुरळा गुंडाळला जातो, हा ताठ राहतो.

तुमचा स्किन फेड बहुतेक हाय असणार, म्हणजे मशीन वळणापर्यंत नेलं आणि छत्रीची जागाच कापून टाकली. श्रेय उंचीचं आहे, कातडीपर्यंत उतरवण्याचं नाही. एकदा लो स्किन फेड करून बघा. खाली चकचकीत कातडी आणि वर तीच छत्री, उलट जास्त उठून दिसेल.

आता वाढीचं बघा. केस महिन्याला साधारण 12 मिलिमीटर वाढतात, म्हणजे आठवड्याला 3. स्किन फेडमध्ये खाली 0 आणि जरा वर 3 मिलिमीटर असतात. आठवड्याने तिथे 3 आणि 6 होतात. काळ्या राठ केसांना 3 मिलिमीटर म्हणजे भरगच्च काळा पट्टा, त्यामुळे फेड दिसेनासा होतो. कात्रीने खाली 8 आणि वर 30 ठेवले, तर आठवड्याने 11 आणि 33 होतात. उतार तसाच राहतो.

म्हणून माझं मत: खाली कल्ल्यांपाशी आणि मानेवर छोटा टेपर, आणि वळणावरचा भाग कंगव्यावर कात्रीने. दर दहा-बारा दिवसांनी येणार असाल तर स्किन फेड खुशाल करा.

राकट_रांगडा
हो, हायच होता. उंचीचं म्हणणं पटतंय, नाही म्हणत नाही. पण कात्रीचं पटत नाही. तीन वेळा सिझर फेड केला आणि तिन्ही वेळा बाजूंना पायऱ्या दिसत होत्या. मित्र म्हणाला, उंदराने कुरतडलंय का.

निळी_शाई
पायऱ्या दिसणारच. सरळ केस काही लपवत नाहीत. राठ सरळ केसांवर कात्रीने फेड होतच नाही, मशीनच लागतं.

कात्री_कंगवा
पहिलं बरोबर, दुसरं चूक. सरळ केस काही लपवत नाहीत हे खरं, म्हणूनच हे केस कोरडे असताना कापायचे. ओले केस डोक्याला चिकटतात, सगळं सपाट दिसतं आणि सुकले की पायरी उठते. काम होत आलं की समोरचा दिवा बंद करून फक्त वरून उजेड पडू द्यायचा. जिथे गडद आडवी रेघ दिसते तिथे केस जास्त राहिलेत. आणि कंगवा आडवा धरून एका दमात वर न्यायचा, मध्ये थांबला की तिथे पायरी पडलीच. राकट, तुमचे केस तिन्ही वेळा ओले कापले होते का?

राकट_रांगडा
पहिल्यांदा पाणी मारायचा, मग कापायचा. तिन्ही वेळा.

मोगरा_77
माझ्या मुलाचे केस असेच आहेत. स्किन फेड केला की मानेवर बारीक पुळ्या येतात आणि आठवडाभर कॉलर लागला तरी ओरडतो. टेपरने पुळ्या जातील का?

कात्री_कंगवा
ताई, पुळ्या फेडच्या प्रकाराने येत नाहीत, फार खोल घासण्याने येतात. राठ केस कातडीच्या पातळीखाली कापला गेला की परत वर येताना टोचतो. मानेवर वस्तरा किंवा फॉइलचं मशीन लावू नका म्हणून सांगा, ट्रिमरवर थांबायचं. टेपरमध्येही मान वस्तऱ्याने घासली तर पुळ्या येतीलच.

खडूस_वाचक
इतकं सगळं कशाला? थिनिंग कात्री मारा, बाजू हलक्या होतात, छत्री बंद. माझी चार वर्षं हीच पद्धत आहे.

कात्री_कंगवा
कृपा करून हा सल्ला कुणाला देऊ नका. निम्मी गिऱ्हाइकं मी याच कारणाने दुरुस्त केली आहेत.

एकाचं सांगतो. बाजूचे केस 25 मिलिमीटर, कुणीतरी मुळापाशी थिनिंग केलेलं. पहिले चार दिवस एकदम छान दिसले. तिसऱ्या आठवड्यात आला तेव्हा बाजू आधीपेक्षा जास्त फुगलेल्या. केस बोटांनी बाजूला केले तर आत सगळीकडे सेंटीमीटरभर लांबीचे ताठ केस, दाढीच्या ब्रशसारखे. ते आखूड केस लांब केसांना खालून टेकू देत होते. मऊ केसांत हे चालून जातं, राठ केसांत नाही. त्याला दोन महिने काहीही न करता थांबायला लागलं.

खडूस_वाचक
म्हणजे चार वर्षं मी मूर्ख? माझ्या बाजू फुगत नाहीत, फोटो टाकू का? दोन-चार बिघडलेली डोकी बघून अवजारालाच नावं ठेवायची ही न्हाव्यांची जुनी खोड. कात्री वाईट नसते, हात वाईट असतो.

कात्री_कंगवा
मूर्ख म्हटलं नाही. तुमचा माणूस थिनिंग मुळापाशी करतो की टोकाकडे?

खडूस_वाचक
टोकाकडच्या एक तृतीयांश भागात. आणि केस साडेचार सेंटिमीटर असतात.

कात्री_कंगवा
मग ठीक आहे. त्या लांबीला केस वाकतो आणि टोकाकडचं थिनिंग टेकू देत नाही. पण हे तुम्ही पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. "थिनिंग मारा" वाचून कुणी 2 सेंटिमीटरच्या केसांना मुळापाशी मारून घेतलं तर पुढचे दोन महिने त्याचे गेले.

खडूस_वाचक
बरं, आखूड केसांना नको, एवढं मान्य. पण "कृपा करून देऊ नका" हा सूर मला आवडलेला नाही.

निळी_शाई
थिनिंग पुरे. मूळ प्रश्न स्किन फेडचा होता. मला आजही वाटतं की कात्रीचा चांगला हात शोधण्यापेक्षा दोन नंबरच्या मशीनने बाजू घेतलेली बरी. 6 मिलिमीटरला छत्री होत नाही.

कात्री_कंगवा
6 ला होत नाही, खरंय. पण दोन आठवड्यांत 12 होतात आणि मग होते. शिवाय वर 7-8 सेंटिमीटर केस असतील तर बाजू 6 वर आणल्यावर डोकं कणसासारखं दिसतं. चेहरा लांबट असेल तर फारच.

राकट_रांगडा
माझा लांबटच आहे. पुढच्या वेळी कोरडे कापायला सांगतो, खाली छोटा टेपर, वर कात्री. पण मी तीन आठवड्यांनी इथेच फोटो टाकणार, आणि छत्री उघडली असेल तर मूळ पोस्ट जशीच्या तशी राहील.

कात्री_कंगवा
टाका. फक्त वळणावरचे केस साडेतीन सेंटिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका. दुसऱ्या आठवड्यात थोडे उठले तर अंघोळीनंतर ओल्या केसांवर टॉवेल घट्ट बांधून दहा मिनिटं बसा, मग ड्रायरची हवा वरून खाली मारा. त्यानंतरही उठलेच तर चूक माझी.