ऊसबिलात तोडणी-वाहतूक सगळ्यांना सारखीच का?

खोडवा_८६०३२: 2025-26 चं पहिलं बिल आलं. पट्टीवर असं आहे: वजन 42.350 टन, उतारा 11.05, एफआरपी 3826.80, तो. वा. 880, निव्वळ दर 2946.80, रक्कम 1,24,796.98. वजा सोसायटी 70,000, बेणे-खत उधारी 11,400, परतीची ठेव 2,117.50. खात्यावर 41,279.48. माझं रान कारखान्यापासून 8 किलोमीटरवर. 60 किलोमीटरवरच्या सभासदालाही 880 च कापलेत. माझं मत सरळ आहे, वाहतूक अंतराप्रमाणे कापावी. तुमचं काय?

हिशेबनीस: आधी दर तपासू, नाहीतर सगळी चर्चा वाहतुकीवरच जाईल. यंदा 10.25 उताऱ्याला टनाला 3550. वरच्या प्रत्येक 0.1 ला 34.60. तुमचा उतारा 0.80 ने जास्त, म्हणजे आठ पायऱ्या, 276.80. बेरीज 3826.80. दर बरोबर आहे.

आता 880. कारखाना तोडणीचा आणि ओढणीचा सगळा खर्च एकत्र करतो, आलेल्या टनांनी भागतो आणि ती सरासरी सगळ्यांच्या दरातून वजा करतो. पण त्यातली तोडणी अंतरावर ठरत नाही. 2024 च्या जानेवारीत टोळ्यांचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला 366 झाला, त्यावर मुकादमाचं 20 टक्के कमिशन. ते झाले 439 च्या आसपास. हे 8 किलोमीटरवालाही देणार, 60 वालाही. भांडण उरलेल्या 440 वर आहे, 880 वर नाही.

बांधावरून: हिशेबनीस, गणित ठीक, पण 440 काय थोडे झाले का? जवळच्याचा खरा खर्च 200 धरला तर टनाला 240 जास्त गेले. 42 टनांना दहा हजार. खताचा एक डोस निघतो त्यात. 25 किलोमीटरपर्यंत एक दर, 25 ते 50 दुसरा, पुढं तिसरा, एवढं करायला काय हरकत आहे?

माळावरचा: हरकत अशी की लांब राहणं मी निवडलेलं नाही. राज्यात दोन कारखान्यांत 25 किलोमीटर हवाई अंतराची अट आहे. म्हणजे माझ्याजवळ कारखाना उभाच राहू द्यायचा नाही, आणि वर म्हणायचं, तू लांब आहेस, तूच भर. तुमच्या हिशेबाने मला टनाला दोन-अडीचशे कमी मिळतील. सभासद म्हणून शेअर दोघांनी सारखाच घेतलाय ना? मतपत्रिकेवर किलोमीटर लिहीत नाहीत. आणि लांबचा ऊस थांबला तर गाळपाचे दिवस कमी होऊन तुमच्याच कारखान्याचा टनामागचा खर्च वाढेल, हेही धरा.

बांधावरून: सभासदाचं समजू शकतो. पण सरासरी फुगवतो तो गेटकेन. कार्यक्षेत्राबाहेर 80-90 किलोमीटरवरून ट्रक भरून आणायचे, कारण गाळप क्षमता वाढवून ठेवलीय. त्याचा डिझेलखर्च माझ्या पट्टीत कशाला?

माळावरचा: यावर वाद नाही. गेटकेन वेगळा काढा, सभासदांची सरासरी वेगळी काढा.

ताईचं_शेत: माझी अडचण वेगळी आहे. आमच्याकडे हार्वेस्टर आला होता. काटा पावतीवर 31.480 आणि पट्टीवर 30 च्या आत. शेतकी ऑफिसात म्हणाले पाचट वजावट. पट्टीवर मात्र तो रकानाच नाही, नुसतं निव्वळ वजन छापलंय. दरावर भांडून काय उपयोग, टनच कमी असतील तर?

हिशेबनीस: ताई, तुमचा मुद्दा यांच्या आधीचा आहे, आणि महत्त्वाचाही. सगळ्या खेपांच्या काटा पावत्या जपून ठेवा. भरलेली गाडी, रिकामी गाडी, निव्वळ, आणि त्यातून वजावट किती टक्के, हे खेपेप्रमाणे मांडा. वजावट हंगामाआधी ठरलेल्या टक्क्यांनीच आहे का, ते लेखी मागा. आणि वजावट लावली असेल तर तोडणी-वाहतूकही वजावटीनंतरच्याच टनावर कापलीय का, ते बघा. पाचटाला दर नाही पण भाडं मात्र आहे, असं व्हायला नको.

रांगडा_गडी: तुम्ही सगळे उताऱ्याला का हात लावत नाही? माझा आडसाली 86032, बारा-साडेबारा उतारा असणार. मला 11.05 चा दर का? प्रत्येकाचा ऊस तपासून दर द्या. आणि उतारा चालू हंगामाचा पाहिजे, मागच्या वर्षीचा काय कामाचा?

हिशेबनीस: उतारा पूर्ण कारखान्याचा असतो, शेताचा नाही. तुमची मोळी गव्हाणीत पडली की शेजाऱ्याच्या उसात मिसळते, साखर वेगळी मोजता येत नाही. ब्रिक्स मीटरवर दिसतं तो उतारा नव्हे. मागच्या हंगामाचं म्हणाल तर त्याला कारण आहे: 14 दिवसांत पूर्ण पैसे द्यायचे तर हंगाम संपायच्या आत चालू सरासरी कुठून आणणार? फेब्रुवारी 2022 च्या शासन निर्णयाने यासाठीच दोन हप्ते केले होते. तो मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केला.

तुमचा संशय अगदीच फुकट मात्र नाही. बी-हेवी मळी किंवा रस इथेनॉलला वळवला की पोत्यात साखर कमी दिसते. ती घट परत मिळवून उतारा धरला का, हा प्रश्न वार्षिक सभेत विचारायचा आहे.

रांगडा_गडी: विचारला होता. माइक बंद झाला.

खोडवा_८६०३२: माझ्या वजावटीकडे कोणी बघितलंच नाही. सोसायटीचे 70 हजार मान्य. उधारी मी 10,200 ची घेतली होती, 1,200 व्याज लावलंय. बिल मात्र ऊस गेल्यापासून 40 दिवसांनी आलं.

हिशेबनीस: मग हे बघा. 14 दिवसांपुढे 26 दिवस झाले. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात उशिराला वर्षाला 15 टक्के व्याज आहे. 1,24,797 वर ते दिवसाला 51 रुपये, 26 दिवसांचे साधारण 1,333. बिल वेळेवर आलं असतं तर उधारीही त्याच दिवशी फिटली असती, तेव्हा त्या 26 दिवसांचं उधारीवरचं व्याज तरी त्यांनी लावू नये. दोन्ही मुद्द्यांचा एकच अर्ज शेतकी अधिकाऱ्याला द्या, प्रत प्रादेशिक साखर सहसंचालकांना, पोच घ्या. परतीच्या ठेवीला तुमची लेखी संमती होती का, तेही त्यातच विचारा.

ताईचं_शेत: संमती करारपत्रावर सही घेतानाच घेतात. कोण वाचतंय तेव्हा? तोड मिळायची घाई असते.

माळावरचा: आणि टोळीला दिलेली खुशाली, ड्रायव्हरची एन्ट्री? ती कुठल्याच पट्टीवर नाही. मी यंदा एकराला तीन हजार दिले.

बांधावरून: मुकादमांना दिलेली उचल बुडते, तीही 880 मध्ये घुसवतात का, हे कुणाला माहीत आहे का? आमच्या संचालकाला विचारलं तर म्हणाला, ऑडिट झालंय.

हिशेबनीस: ते आर्थिक पत्रकात शोधायचं. तोडणी-वाहतूक खर्चाच्या रकान्याला आलेल्या टनांनी भागा. 880 च्या जवळ येतं का बघा. मग येणे रकमेत टोळ्यांची जुनी थकबाकी मागच्या वर्षाहून कमी झाली असेल, तर ती वसूल झाली की खर्चात टाकली, हे विचारा. अहवाल सभासदाला मिळतो. अंतराचे टप्पे करावेत की नाही, यावर मात्र माझं मत माळावरच्यांकडे झुकतं.

खोडवा_८६०३२: माझं नाही झुकत. गेटकेन काढून किती सरासरी येते ते आधी बघतो. अहवाल मागितलाय, सोमवारी या म्हणालेत.