अजिंठ्यात ट्रायपॉडशिवाय: बॉडीतलं स्टॅबिलायझेशन की लेन्समधलं, आणि किती स्टॉपवर विसंबायचं?

वाघूरकाठ: पुढच्या महिन्यात अजिंठ्याला चाललोय. फ्लॅश चालत नाही, ट्रायपॉडची परवानगी काढणं जमणार नाही. मागच्या वेळी मित्राच्या कॅमेऱ्यावर 35 मिमी, एफ/1.8, आयएसओ 3200 ला शटर 1/15 च्या आसपास येत होता. आता दोन पर्याय आहेत: आयबीआयएस म्हणजे सेन्सर हलवून स्थिर करणारी फुल फ्रेम बॉडी आणि साधी 35 ची लेन्स, किंवा स्टॅबिलायझेशन नसलेली बॉडी आणि ओआयएस म्हणजे लेन्समधलंच स्टॅबिलायझेशन असलेली एफ/4 ची झूम. आणि जाहिरातीतले 8 स्टॉप खरे धरून किती खाली जाता येईल?

कोथरूडकट्टा: यात विचार करण्यासारखं काही नाही, आयबीआयएस घे. हातात धरायला शटर एक भागिले फोकल लेंग्थ, या नियमाने 35 मिमीला 1/30 लागतो. तिथून दर स्टॉपला वेळ दुप्पट, म्हणजे पाच स्टॉप खाली आलास की एक सेकंद, आठ स्टॉपला आठ सेकंद. हे आकडे कंपन्या मनाने देत नाहीत, सीपा या कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या ठरलेल्या चाचणीतून येतात. अगदी निम्मे स्टॉप खरे मानले तरी अर्धा सेकंद हातात धरता येतो. आयएसओ 400 वर आण आणि निवांत काढ.

पाणथळ: निम्मे मानले तरी, हे ठीक. पण लेन्समधल्या स्टॅबिलायझेशनला इतकं सहज बाजूला सारू नका. मी 400 मिमीने भिगवणला पक्षी काढतो. कॅमेरा अर्धा अंश हलला तर 400 मिमीला प्रतिमा सेन्सरवर साडेतीन मिलिमीटर सरकते. सेन्सरला तेवढं सरकायला जागा कुठून आणणार? लेन्समधलं भिंग थोडं सरकलं तरी काम होतं. शिवाय जुन्या डीएसएलआरवर व्ह्यूफाइंडरमधलं चित्रही लेन्समुळेच थांबायचं. हा वाद दर वेळी "बॉडी जिंकली" म्हणून संपवतात, ते पटत नाही.

स्थिरहात: पाणथळ, 400 मिमीबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण त्याच अर्ध्या अंशाला 35 मिमीवर प्रतिमा फक्त 0.3 मिमी सरकते. तेवढं सेन्सर आरामात सावरतो. आणि कॅमेरा घड्याळाच्या काट्यासारखा फिरला तर लेन्सला ते सावरताच येत नाही, कारण भिंग सरकवून प्रतिमा फिरत नाही. सेन्सर फिरवता येतो. शटर दाबताना उजवा हात खाली जातो तेव्हा नेमका हाच झटका बसतो. वाघूरकाठ, तुमच्या कामाला बॉडीतलंच घ्या. एफ/1.8 आणि एफ/4 मधले सव्वादोन स्टॉपही तुमच्याच पदरात पडतात, आणि तो उजेड खरा असतो, तो कंपनीच्या दाव्यावर अवलंबून नसतो.

मात्र कोथरूडकट्टांचे आठ सेकंद मला मान्य नाहीत. कॅननने आर5 ला 8 स्टॉप म्हटलं ते 24-105 एफ/4 लेन्सवर, 105 मिमीला. तिथे आठ स्टॉप म्हणजे सुमारे अडीच सेकंद. आणि ती चाचणी कॅमेरा थरथरत्या यंत्रावर ठेवून होते. यंत्र हात थरथरल्यासारखं हलतं, पण उभा माणूस श्वास घेताना जसा संथ डोलतो तसं डोलत नाही. फोकल लेंग्थ कमी झाली म्हणून तुमचं डोलणं थांबत नाही, त्यामुळे स्टॉप मोजत मोजत सेकंदांत शिरलात की हिशेब बिघडतो.

याला दोन कारणं आहेत. कॅमेऱ्यातला हालचाल मोजणारा जायरो स्वतःच हळूहळू भरकटतो. फार संथ हालचाल दिसली तर ती तुमची की जायरोची, हे कॅमेऱ्याला नीट कळत नाही, म्हणून तो ती बरीचशी सोडून देतो. दुसरं कारण भिंत जवळ असण्याचं. जायरोला फिरणं कळतं, सरकणं कळत नाही. भिंत दोन मीटरवर, लेन्स 35 मिमी आणि तुम्ही एक मिलिमीटर बाजूला झुकलात, तर सेन्सरवर प्रतिमा सुमारे 17 मायक्रॉन सरकते. 24 मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर हे जवळपास तीन पिक्सेल झाले. पद्मपाणीच्या मुकुटावरची बारीक रेघ तिथेच जाते. काही बॉडी हे सरकणंही मोजतात, पण लांब एक्स्पोजरला त्यावर फार भरवसा ठेवू नका.

म्हणून माझा आकडा: 35 मिमीला 1/4 बिनधास्त, 1/2 नशिबावर, त्यापुढे नाही. म्हणजे तीन स्टॉप खात्रीचे, चौथा मिळाला तर मिळाला.

मेघना_पी: माझा अनुभव उलटा आहे. मुलीच्या गॅदरिंगला आयबीआयएस चालू ठेवून 1/15 ला फोटो काढले. स्टेज, पडदा सगळं स्वच्छ, मुली मात्र पुसलेल्या. स्टॅबिलायझेशन म्हणजे फसवणूक वाटायला लागली आहे.

स्थिरहात: मेघनाताई, पडदा स्वच्छ आला म्हणजे स्टॅबिलायझेशनने त्याचं काम केलं. नाचणाऱ्या मुलींना ते थांबवू शकत नाही. तिथे 1/250 च्या पुढे जा आणि आयएसओ वाढू द्या. भिंतीवरचं चित्र हलत नाही, म्हणून वाघूरकाठांना हे स्टॉप उपयोगी पडतात.

कोथरूडकट्टा: चाचणीचे ते नियम जुने झाले. 2024 च्या नव्या सीपा नियमांत ते घड्याळाच्या काट्यासारखं फिरणंही धरतात. म्हणजे आता आकडे विश्वासाचे आहेत.

स्थिरहात: फिरणं धरलं हे चांगलंच झालं. पण त्याच नियमांत कडांचं मोजमापही आलं, आणि कॅननने आर5 मार्क 2 साठी मध्यभागी 8.5 पण कडेला 7.5 असे दोन आकडे दिले. वाइड लेन्समध्ये कॅमेरा कलला की कोपऱ्यातली प्रतिमा मध्यापेक्षा जास्त सरकते. सेन्सर एकाच मापाने सरकतो, मग मध्य सावरतो आणि कोपरे थोडे पुसट राहतात. 16 मिमीने पूर्ण भिंत एका फ्रेममध्ये घ्यायचा मोह होईल, तेव्हा मधला चेहरा पाहून खूश होऊ नका, कोपरे झूम करून बघा.

वाघूरकाठ: मग माझ्या हाताचा आकडा जायच्या आधी कसा काढू? आणि तिथे खांबाला टेकून उभं राहिलं तर चालेल का?

स्थिरहात: खांबाला टेकू नका, काही लेण्यांत खांबांवरही चित्रं आहेत. पाय थोडे फाकवून, कोपर बरगडीला लावून उभे राहा.

घरी संध्याकाळी भिंतीवर वर्तमानपत्र लावा आणि बरोबर दोन मीटरवर उभे राहा. 1/15, 1/8, 1/4, 1/2 अशा प्रत्येक शटरला दहा फोटो काढा, दर वेळी पवित्रा नव्याने घेऊन. मग 100 टक्के झूम करून बारीक टाइप बघा. अक्षराला एकाच दिशेने दुहेरी कड दिसली तर हात हलला. सगळीकडून सारखंच मऊ असेल तर फोकस चुकला, त्याचा दोष स्टॅबिलायझेशनला देऊ नका. दहापैकी आठ स्वच्छ आले तो तुमचा भरवशाचा शटर. तीनच आले तर तिथे तीन-तीनचे बर्स्ट मारा. पहिल्या फ्रेमला बोटाचा झटका असतो, दुसरी-तिसरी बहुधा बरी येते.

पाणथळ: चाचणी पटली. पण 45 मेगापिक्सेलची बॉडी घेतली तर तुमचा 1/4 टिकणार नाही, पिक्सेल बारीक म्हणजे पुसटपणा लवकर दिसतो. तिथे मी 1/8 म्हणेन. आणि 1/4 ला अडून बसण्यापेक्षा आयएसओ 3200 ठेवून 1/15 ला काढलेलं बरं. थोडा नॉइज परवडतो, पुसलेली रेघ परत येत नाही.

स्थिरहात: फोटो पूर्ण झूम करूनच बघणार असाल तर 1/8 मान्य. तेवढ्याच आकाराचा प्रिंट काढायचा असेल तर 24 आणि 45 मध्ये पुसटपणा सारखाच दिसेल. आयएसओबद्दल मात्र मतभेद. तिथले गेरू आणि काळपट हिरवे रंग अंधाऱ्या भागात आहेत, 3200 ला ते एकमेकांत मिसळतात. मी 1600 आणि 1/8 ला बर्स्ट घेईन.

पाणथळ: मी नाही घेणार. लेण्यात मागून माणसांची रांग सरकत असते, धक्का लागतो. तिथे मला 1/15 च हवा.