फ्रेंच: 'म ला' पण 'ला लुई', हा क्रम उलटा का होतो?

अर्धवटराव: परवा क्लासच्या टेस्टमध्ये दोन मार्क गेले. 'मारी मला चावी देते' याचं सर्वनामं घालून 'मारी म ला दॉन' लिहिलं ते बरोबर आलं, मग 'मारी त्याला चावी देते' तसंच 'मारी लुई ला दॉन' लिहिलं तर लाल रेघ!! चावी म्हणजे 'ला' आणि माणूस म्हणजे 'लुई', दोन्हीकडे माणूसच आधी घेतला होता की.

खमंग_थालीपीठ: सोप्पंय, फ्रेंचमध्ये ज्याला द्यायचं तो नेहमी आधी. 'लुई' अपवाद, पाठ कर.

सदूभाऊ: अपवाद नाही हो, 'लर' म्हणजे 'त्यांना' पण तसाच वागतो. कुणाला आणि काय हे बघूच नका, 'म, त, स, नू, वू' ही मंडळी कायम पुढे, मग 'ल, ला, ले', आणि 'लुई, लर' त्यांच्या मागे. मारी-चावीत 'म' पहिल्या रांगेतला, 'ला' दुसऱ्या, म्हणून 'म ला'. 'लुई' तिसऱ्या रांगेतला, मग 'मारी ला लुई दॉन'. आणि पहिली आणि तिसरी रांग एकत्र बसतच नाही. 'तो माझी ओळख त्याच्याशी करून देतो' याचं 'इल म लुई प्रेझाँत' केलंत तर पुन्हा लाल रेघ, तिथे 'इल म प्रेझाँत आ लुई' असं मागे न्यावं लागतं.

माहेरवाशीण: मराठीत बरंय, 'मला ते दे', 'ते मला दे', काहीही चालतं. त्यांचं का चालत नाही?

सदूभाऊ: आपल्याकडे 'ला' प्रत्यय चिकटलेला असतो ना, कुठेही ठेवा कळतं. फ्रेंचची ही सर्वनामं मात्र क्रियापदालाच चिकटून बसतात, जागा ठरलेली.

लियॉनवाली: मी चार वर्षं इथे आहे, 'मी ते त्याला सांगितलं' यासाठी बोलताना 'ज ल लुई ए दी' कोण म्हणतं? 'ज लुई ए दी' म्हणून मोकळे होतात, 'ल' गायबच. मी लिहिताना पण गाळते आणि मग ऑफिसात मेल दुरुस्त होऊन येतं 😅

अर्धवटराव: मग 'ती मला दे' म्हणजे 'दॉन-ला-मवा' मध्ये चावी आधी कशी? तिथे तर 'म'चा 'मवा' झालाय.

सदूभाऊ: आज्ञा द्यायची असेल तर क्रियापद पुढे येतं आणि सर्वनामं मागे जातात, तिथे वस्तू आधी. नकार घातला की परत जुन्या रांगेत, 'न म ला दॉन पा'. बोलताना 'दॉन-मवा-ला'ही ऐकू येतं म्हणा, परीक्षेत नको.

खमंग_थालीपीठ: पण मुळात 'म'लाच पुढे का घेतलं?

सदूभाऊ: जुन्या फ्रेंचमध्ये 'ल म' असाच क्रम होता, वस्तू आधी. पुढे 'म, त' वाले उलटले, 'ल लुई' तसाच राहिला. का, ते मला आजवर पटेल असं कुणी सांगितलं नाही.

लियॉनवाली: 'ल लुई' पटकन म्हणून बघा, जीभ अडखळते, म्हणून तर 'ल' गाळतात.

अर्धवटराव: मग तोच का नाही उलटला?